हिरमोड लपवणारं पात्र नुसतंच रडवेलं दिसतंय? डोळे, भुवया आणि उशिराची दुरुस्ती

ॲनिमेशनमध्ये हा शॉट दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा परत येतो. पात्राला मनाविरुद्ध काहीतरी कळतं, पण समोरच्याला ते जाणवू द्यायचं नसतं, म्हणून ते हसतं. पटकथेत एवढंच लिहिलेलं असतं. ब्लॉकिंगमध्ये तीन पोझ लागतात: उत्सुक, नाराज, हसरी. एकेक पोझ सुटी पाहिली तर तिन्हींत खोट काढायला जागा नसते. स्प्लाइन करून प्लेब्लास्ट दाखवला की मात्र शेरा येतो, "ती नाराज झाली हे दिसलं. नंतर ती खूश झाली हेही दिसलं. पण ती लपवतेय हे कुठे दिसतंय?"

यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे सगळं वाढवणं. भुवया आणखी तिरक्या केल्या जातात, हसू आणखी रुंद होतं. शॉट त्याने जास्तच बिघडतो, कारण दोष आकारात नसून क्रमात असतो. नाराजी आणि हसू यांच्या मधे तिसरी एक घटना असते. नाराजी चेहऱ्यावर आली हे पात्राच्या स्वतःच्या लक्षात येतं आणि ते ती आवरायला घेतं. या आवरण्याला सुरुवातीची स्वतःची फ्रेम मिळाली नाही, तर प्रेक्षकाला एकामागून एक दोन भावना दिसतात, लपवाछपवी दिसत नाही.

आधी तपासणी

काही बदलण्याआधी दोन गोष्टी पाहा. चेहऱ्याच्या सगळ्या कंट्रोलरच्या की डोप शीटमध्ये एकाखाली एक लावा. भुवया, पापण्या, बुबुळं, ओठांचे कोपरे या सगळ्यांच्या की एकाच फ्रेमवर सरळ रांगेत उभ्या दिसल्या, तर दोषाचं मूळ तिथेच आहे. ब्लॉकिंगमध्ये अशी रांग असायलाच हवी, पण स्प्लाइनच्या टप्प्यातही ती तशीच राहून जाते आणि सगळा चेहरा एकदम बदलतो.

दुसरी तपासणी प्लेब्लास्टवर करा. नाकाखालचा भाग हाताने झाका आणि फक्त डोळे-भुवया पाहा. मग उलट करा, वरचा भाग झाकून फक्त तोंड पाहा. लपवणारा चेहरा असेल तर दोन्ही भागांनी वेगवेगळं सांगायला हवं. तोंड म्हणेल "आवडलं", आणि डोळे-भुवया त्याच्याशी पूर्ण सहमत नसतील. दोन्ही भाग एकाच वेळी एकच गोष्ट सांगत असतील, तर चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही शिल्लक नाही.

वरचा आणि खालचा भाग असे वेगळे वागतात याला शरीरातलं कारण आहे. तोंडाचे स्नायू आपण दिवसभर बोलताना, खाताना, हसताना मुद्दाम वापरतो, त्यामुळे ते चांगले ताब्यात असतात. भुवयांची आतली टोकं वर नेणं मात्र फार थोड्या लोकांना ठरवून जमतं. डार्विनने 1872 मध्येच हे नोंदवलं आहे. आरशासमोर उभं राहून फक्त आतली टोकं वर न्यायचा प्रयत्न करा. बहुतेकांची अख्खी भुवईच वर जाते. जे ठरवून करता येत नाही ते ठरवून थांबवणंही कठीण, म्हणून नाराजी तिथून निसटते आणि हसू तोंडावर चढवलं जातं. शॉटमध्ये कोणतं काम कुठल्या अवयवाला द्यायचं हे ठरवताना मी याच एका गोष्टीचा आधार घेतो.

हाताशी एक शॉट घेऊ

मनू नऊ वर्षांची आहे. वाढदिवसाला मामाने खोकं आणलंय. खोक्याचा आकार पाहून तिला खात्री आहे की आत स्केट्स आहेत. झाकण उघडल्यावर आत पाण्याची स्टीलची बाटली निघते. मामा समोर बसून तिच्याकडेच पाहतोय. शॉट 24 फ्रेमच्या वेगाने 120 फ्रेमचा, म्हणजे पाच सेकंदांचा आहे. कॅमेरा छातीपासून वर, आणि मामा फ्रेमच्या बाहेर उजवीकडे.

एक अडचण मांडणीतच मिटवून टाका. खोकं मनूच्या मांडीवर ठेवलं तर तिची नजर इतकी खाली जाते की वरची पापणी बुबुळ झाकून टाकते. मग डोळ्यांत कितीही बारीक काम करा, कॅमेऱ्याला ते दिसणार नाही. खोकं टेबलावर, छातीच्या उंचीला घ्या आणि मान जरा कमी वाकवा. डोळे खाली पाहताना वरची पापणी त्यांच्यासोबत खाली यायलाच हवी, पण बुबुळाचा निम्मा भाग तरी उघडा राहील एवढीच.

परत येणारा शॉट साधारण असा असतो. विसाव्या फ्रेमला उत्सुक पोझ, बत्तिसाव्याला नाराज पोझ, अठ्ठेचाळिसाव्याला हसरी पोझ. मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने भरलेल्या. बाटली दिसते त्याच क्षणी भुवया तिरक्या व्हायला लागतात. म्हणजे आत काय आहे हे मनूला झाकण उघडण्याआधीच माहीत होतं असं वाटतं. नाराजी सोळा फ्रेममध्ये सावकाश वितळून हसू होते, त्यामुळे तिला खरंच आवडलं असावं असंही वाटतं. एकाच शॉटमध्ये दोन चुकीचे अर्थ निघतात.

पहिली दुरुस्ती: समजायला लागणारा वेळ

वस्तू दिसणं आणि ती कळणं यांत अंतर असतं. नुसता दिवा लागलेला पाहून बटण दाबायला माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे आपल्या सहा फ्रेम. इथे तर मनूला दिवा ओळखायचा नाही. आपल्याला हवी ती वस्तू आत नाही हे पटवून घ्यायचंय, आणि त्याला आणखी वेळ लागतो.

झाकण 21 व्या फ्रेमला पूर्ण उघडतं असं धरा. 21 ते 26 या सहा फ्रेममध्ये चेहऱ्यावर काहीही बदलू नका. उत्सुक चेहरा तसाच राहू द्या, भुवया वर, ओठ किंचित विलग. बाटली दिसत असताना चेहऱ्यावर अजून स्केट्सचा आनंद आहे, आणि प्रेक्षकाला मनूच्या आधी कळलेलं आहे. पुढचं सगळं दुखणं या सहा फ्रेममधून येतं. घाईच्या कामात या फ्रेम सगळ्यात आधी कापल्या जातात, कारण टाइमलाइनवर तिथे काहीच घडत नाहीसं दिसतं.

पण काहीच न बदलणं म्हणजे चेहरा गोठवणं नव्हे. सगळे कर्व्ह एकदम सपाट झाले तर थ्रीडीमध्ये पात्र तत्क्षणी निर्जीव दिसतं. या काळात छाती किंवा खांदे श्वासाबरोबर अगदी थोडे वर येत राहू द्या. मनू श्वास आत घेतेय, कारण ती आनंदाने ओरडायच्या तयारीत होती. हा घेतलेला श्वास पुढे कामाला येतो.

मग डोळ्यांनी शोधायला लागायचं. 27-28 या दोन फ्रेममध्ये बुबुळं बाटलीच्या बुडापासून टोपणापर्यंत सरकतात आणि 34 पर्यंत तिथे थांबतात. 35-36 मध्ये नजर खोक्याच्या कोपऱ्यात जाते, अजून काही आहे का ते पाहायला, आणि 41 पर्यंत तिथे राहते. 42-43 मध्ये ती बाटलीवर परत येते. माझ्या मते अख्ख्या शॉटमधली सगळ्यात मोलाची हालचाल म्हणजे कोपऱ्यात गेलेली ही नजर. तिला दुसरंच काही हवं होतं हे एकही शब्द न बोलता कळतं. ही नजर नसेल तर मनूला बाटली आवडली नाही एवढंच कळतं, तिला स्केट्स हवे होते हे कळत नाही.

डोळे तरंगत असतील तर

इथे एक नेहमीचा तांत्रिक घोटाळा होतो. नजर उडी मारण्याऐवजी घरंगळत जाते आणि मनू गुंगीत असल्यासारखी दिसते. खरी नजर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झेप घेते. लहान झेपेला सेकंदाचा विसावा-तिसावा भाग पुरतो, म्हणजे जेमतेम एक फ्रेम. पडद्यावर ती वाचता यावी म्हणून आपण दोन फ्रेम देतो. दोन झेपांच्या मधे नजर जागच्या जागी असते.

घरंगळण्याचं कारण बहुतेक वेळा थांब्याची की नसणं हेच असतं. 28 ला की आहे आणि पुढची की थेट 36 ला आहे, तर सॉफ्टवेअर मधल्या सातही फ्रेममध्ये डोळे हलवत नेणार. 28 ची किंमत जशीच्या तशी 34 वर पुन्हा की करा आणि नवी किंमत 36 वर द्या. मग 35 हीच काय ती मधली फ्रेम उरते. एवढं करूनही झेपेच्या आधी डोळे जरासे उलट दिशेला सरकताना दिसले, तर कर्व्हचं हँडल बाहेर गेलेलं असतं. ब्लेंडरच्या `Graph Editor` मध्ये त्या की निवडून `V` दाबा आणि `Vector` घ्या. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या कीचे टँजंट लिनिअर करा. डोळ्यांच्या कर्व्हला गुळगुळीतपणाची गरज नसते, तो पायऱ्यांसारखा दिसला पाहिजे.

दुसरं कारण रिगमध्ये असतं. डोळ्यांचं लक्ष्य डोक्याला जोडलेलं असेल तर डोकं एक अंश हललं तरी नजर बाटलीवरून सरकते. लक्ष्य जगाच्या किंवा बाटलीच्या संदर्भात ठेवा, म्हणजे डोकं श्वासाबरोबर हललं तरी बुबुळं बाटलीला धरून राहतील. रिगमध्ये ही सोय नसेल तर डोक्याच्या प्रत्येक हालचालीला डोळ्यांना उलट की द्यावी लागते. काम किचकट आहे, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

दुसरी दुरुस्ती: भुवया आधी पडू द्या, मग दुखू द्या

नाराजी म्हटली की हात आपोआप दुःखी भुवयांच्या तयार शेपकडे जातो. आतली टोकं वर, मधे आठी, बाहेरची टोकं खाली, सगळं शंभर टक्के आणि दोन्ही बाजूंना सारखं. ही उघड रडवेली भुवई झाली. कोणी रडू लपवतंय असं ती सांगत नाही, कोणीतरी रडतंय असं सांगते.

हिरमोड म्हणजे मुळात अपेक्षा खाली येणं. म्हणून आधी अपेक्षेची भुवई खाली आणा. उत्सुक पोझमध्ये मनूच्या भुवया साधारण 40 टक्के वर होत्या. 44 ते 48 मध्ये त्या शून्यावर येतात. शून्याच्या खाली नेऊ नका, नाहीतर राग दिसेल. त्याच वेळी आत घेतलेला श्वास थांबतो आणि विलग ओठ हलकेच मिटतात. एवढ्यावर थांबून प्लेब्लास्ट पाहा. पुष्कळदा चेहरा पडलेला इथेच दिसतो, दुःखाचा एकही शेप न वापरता. वर असलेली भुवई साध्या जागेवर आली तरी तुलनेने ती खाली गेल्यासारखी वाटते.

त्यानंतर निसटणारी भावना. भुवया खाली येत असतानाच, 47 पासून, फक्त आतली टोकं वर निघतात आणि 49 ला 20 टक्क्यांवर येऊन 53 पर्यंत तिथे राहतात. मधली आठी शून्य ठेवा किंवा फार तर 5 टक्के. एका बाजूला 20 आणि दुसऱ्या बाजूला 15 असं ठेवलंत तर शेप छापील वाटत नाही. फरक यापेक्षा मोठा केला तर मनू शंकेखोर दिसायला लागते. आणि टोकं उशिरा निघतात हे महत्त्वाचं. भुवयांच्या पडण्याबरोबर ती एकाच फ्रेमवर निघाली तर डोळ्यांना एकच हालचाल दिसते आणि आपण पुन्हा तयार शेपपाशी येतो.

ही झलक किती वेळ ठेवायची, यावर नेहमी वाद होतो. मानसशास्त्रात दाबलेल्या भावनेच्या निसटत्या हावभावांना साधारण अर्ध्या सेकंदाच्या आतलं धरतात, म्हणजे 12 फ्रेमपेक्षा कमी. मी इथे सहा-सात फ्रेम घेतल्या आहेत. तीन फ्रेमची झलक थिएटरच्या पडद्यावर चालून जाईल, मोबाइलवर ती दिसतच नाही. बारा फ्रेमच्या पुढे गेलात तर लपवण्याची घाई उरत नाही, आणि समोर बसलेल्या मामाला ती दिसली कशी नाही हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो.

तिसरी दुरुस्ती: पापणीच्या आड मुखवटा

आवरायला घेण्याची ती तिसरी घटना इथे येते, आणि तिच्यासाठी पापणी मिटण्याइतकी सोयीची जागा नाही. 54-55 मध्ये पापणी मिटते, 56-57 मिटलेली राहते, 58 ते 61 मध्ये उघडते. मिटणं भराभर, उघडणं त्याहून सावकाश. नेहमीच्या उघडझापीपेक्षा ही थोडी जड आहे, कारण इथे मनू स्वतःला सावरतेय.

मिटलेल्या पापणीमागे दोन कामं उरकून घ्या. भुवयांची आतली टोकं 20 वरून 5 वर आणा, शून्यावर मात्र नको. आणि अख्ख्या भुवया 60 व्या फ्रेमपर्यंत 30 टक्के वर न्या. हा उसना उत्साह आहे, म्हणून तो आधीच्या खऱ्या 40 टक्क्यांपेक्षा जरा कमी आणि जास्त ताठ. आतल्या टोकांचे उरलेले 5 टक्के कोणी बोट ठेवून दाखवणार नाही, पण ते काढून पाहिलं की हसू खरं वाटायला लागतं.

हसू 57 ला सुरू होतं, डोळे अजून मिटलेले असताना, आणि 63 ला पूर्ण होतं. मनूची नजर मामाकडे पोचण्याआधी हसू निघालेलं असतं, म्हणजे तिने ते मामासाठी तयार करून नेलंय. हा क्रम उलटा करून पाहा. आधी मामाकडे पाहिलं आणि मग हसू आलं, तर मामाला पाहून तिला आनंद झाला असा अर्थ होतो. कीच्या जागा चारपाच फ्रेमनी इकडच्या तिकडे झाल्या की गोष्टच बदलते.

नजर 58-59 मध्ये, पापणी उघडता उघडता, मामाकडे वळते. डोकं 60 ला निघून 68 ला पोचतं. डोळे पुढे, डोकं मागून. डोकं आणि डोळे एकाच फ्रेमवर निघाले तर मनू यंत्रासारखी वळते. खालच्या पापण्या 62 ते 66 मध्ये उचला, पण 25 टक्क्यांच्या वर नको. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू गाल आणि खालची पापणी वर ढकलतो, आणि उसन्या हसण्यात तो पुरती साथ देत नाही. खालची पापणी अजिबात उचलली नाही तर मात्र हसू दुष्ट दिसतं. नऊ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर ते नकोच.

इथून 92 पर्यंत हसू टिकवायचंय. या चोवीस फ्रेममध्ये मनूची नजर मामाच्या एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर एक-दोनदा झेपू द्या, अगदी बारीक. मामाला पटलं का, हे ती तपासतेय. भुवया मात्र 30 टक्क्यांवर जरा जास्तच वेळ तशाच राहू द्या. खरा आनंद चेहऱ्यावर थोडा वर-खाली होत राहतो. धरून ठेवलेला चेहरा तसा होत नाही.

मामाची पाठ वळल्यावर

93 ला मामा उठून आत जायला वळतो. मनूचा चेहरा लगेच सोडू नका. 98 पर्यंत हसू आणि भुवया आहेत तशाच राहतात, कारण मामा परत वळून पाहील की काय याची तिला खात्री नाही. 99-100 मध्ये नजर बाटलीवर उतरते आणि 102 पर्यंत पापण्या तिच्यामागून येतात. 103 ते 108 मध्ये भुवया शून्यावर, आणि 106 पासून आतली टोकं परत 10 टक्के वर. हसू सगळ्यात शेवटी, 110 नंतर ओसरायला लागतं, आणि 120 ला ते निम्मंच उतरलेलं असतं. डोळे हसण्यातून निघून गेलेत आणि ओठ अजून तिथेच आहेत अशा आठ-दहा फ्रेम मिळतात. शेरा देणाऱ्याला जे दिसत नव्हतं ते इथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

एवढं करूनही अडलं तर

मनू लबाड दिसत असेल तर डोकं न वळता फक्त डोळे कोपऱ्यात गेलेत का ते पाहा. डोकं निघायला चार-पाच फ्रेमपेक्षा जास्त उशीर झाला की तिरपी नजर तयार होते आणि ती कारस्थानी वाटते. वरची पापणी बुबुळाला नेहमीपेक्षा जास्त झाकत असेल तरी असंच होतं. मामाकडे पाहताना पापणी बुबुळाच्या वरच्या कडेला टेकलेली असावी, बस.

चेहरा कोरा वाटत असेल तर टक्के वाढवण्याआधी 21 ते 26 मधली उत्सुकता पुरेशी आहे का ते तपासा. भुवया मुळातच 15 टक्के वर असतील तर पडायला उंचीच नाही. उत्सुकता वाढवा, नाराजी आहे तशीच ठेवा.

मनूला धक्का बसल्यासारखं वाटत असेल तर वरच्या पापण्या वर गेल्या आहेत. बऱ्याच रिगमध्ये भुवई वर नेली की पापणीही थोडी ओढली जाते आणि बुबुळाच्या वर पांढरं दिसायला लागतं. भुवई 30 टक्क्यांवर नेल्यावर पापणी हाताने खाली घेऊन ते पांढरं झाका.

पात्राचं वय बदललं तर आकडे बदलतात. हा प्रसंग मी उगाच निवडला नाही. कॅरोलिन सार्नी यांनी 1984 मध्ये शाळकरी मुलांना मुद्दाम त्यांच्या वयाला न शोभणारं, तान्ह्या बाळाचं खेळणं बक्षीस दिलं आणि त्यांचे चेहरे टिपले. मोठ्या मुलांना नाराजी आवरून हसरा चेहरा दाखवणं लहानांपेक्षा चांगलं जमत होतं. पॅमेला कोल यांनी 1986 मध्ये दाखवलं की तीन-चार वर्षांच्या मुलीही देणाऱ्यासमोर नाराजी आवरतात आणि एकट्या असताना ती दिसू देतात. म्हणून मनू चार वर्षांची असती तर मी झलक दहा फ्रेमपर्यंत नेली असती आणि हसू एकदम मोठं, ओबडधोबड आणलं असतं. पस्तिशीच्या बाईला झलक तीन-चार फ्रेम पुरे, आणि आवरण्याचं सगळं काम पापणीच्या एका मिटण्यात.

रिगमध्ये अख्ख्या भुवईला एकच स्लायडर असेल तर आतल्या टोकांची झलक मिळणार नाही. भुवयांचं पडणं, श्वासाचं थांबणं आणि कोपऱ्यात जाणारी नजर या तिघांवर शॉट तरतो. तयार दुःखी शेप थोडासा मिसळून काम भागवायचा मोह टाळा. त्यात बाहेरची टोकंही खाली येतात आणि मनू दमलेली दिसते. हाताने काढलेल्या टूडीमध्ये, एक चित्र दोन फ्रेम चालत असेल तर नजरेच्या झेपेला मधलं चित्र देऊच नका. थेट नव्या जागेवर काढा.

कॅमेरा लांब असेल, मनू डोक्यापासून पायांपर्यंत दिसत असेल, तर वरचं सगळं बारीक काम वाया जातं. तिथे हातांनी बोलावं लागतं. झाकण धरलेली बोटं थांबतात, मग बाटली जरा जास्तच काळजीपूर्वक बाहेर काढली जाते. भरताच्या नाट्यशास्त्रात 33 व्यभिचारी भावांमध्ये अवहित्था आहे, भाव लपवण्याचा भाव. दुसरंच काही बोलणं, दुसरीकडे पाहणं, बोलणं मधेच तोडणं, उसनं धैर्य दाखवणं अशा खुणा त्याच्यासाठी सांगितल्या आहेत. लांबच्या शॉटला आणि संवादाला ही यादी थेट वापरता येते. मनूच्या तोंडी "थँक्यू मामा, खूप आवडली" असं वाक्य आलं असेल तर लेखकाशी बोलून पाहा. "मामा, यात पाणी गरम राहतं का रे?" हे वाक्य तिला बाटलीबद्दल बोलायला लावतं आणि आवडण्याबद्दल बोलणं टाळतं. ओठ हलत असताना वरच्या चेहऱ्यावरचे 5 टक्केही जास्त नीट दिसतात. वाक्याआधी तिला अडलेला श्वास सोडून नवा घ्यावा लागेल, त्याला सहा-आठ फ्रेम राखा. 68 ला डोकं पोचल्यावर तिथेच ती जागा मिळते.

शेवटची अडचण संकलनात येते. 93 नंतरच्या फ्रेम संकलकाला रिकाम्या वाटतात आणि मामा वळला की तो कट मारतो. 21 ते 26 चंही तेच होतं, झाकण उघडल्याबरोबर बाटलीचा जवळचा शॉट लावला की त्या सहा फ्रेम गेल्या. ॲनिमॅटिकच्या टप्प्यातच या दोन जागा संकलकाला दाखवून ठेवा, बाटलीचा जवळचा शॉट घ्यायचाच असेल तर तो 27 च्या आधी लागू नये एवढं ठरवून घ्या, आणि शॉटच्या शेवटी 120 च्या पुढे बारा फ्रेम जादा करून द्या, म्हणजे कट कुठेही पडला तरी ओठांवरचं हसू डोळ्यांच्या आधी संपणार नाही.